एल्डन रिंगमध्ये शस्त्राची निवड: अट, स्केलिंग आणि बुडीत पॉइंटांचा हिशेब

रोल-प्लेइंग खेळांमध्ये शस्त्र निवडताना बहुतेक खेळाडू दोनच गोष्टी पाहतात: शस्त्राची अट आपण पूर्ण करतो का, आणि त्याच्या स्केलिंगपुढे कोणते अक्षर लिहिले आहे. या दोन्ही गोष्टी आवश्यक असल्या तरी त्यांतून सर्वोत्तम शस्त्र ठरत नाही. ते ठरवण्यासाठी, अट पूर्ण करताना खर्च होणारे पॉइंट पुढे उपयोगी पडणार आहेत की वाया जाणार आहेत, हे मोजावे लागते. फ्रॉमसॉफ्टवेअरचा 2022 साली आलेला एल्डन रिंग हा खेळ डोळ्यांपुढे ठेवून हा हिशेब येथे मांडला आहे, कारण या खेळात स्ट्रेंथ, डेक्स्टेरिटी आणि इंटेलिजन्स या तिन्ही स्टॅटचे नियम स्पष्टपणे वेगळे आहेत आणि त्यांचा परिणाम पडद्यावर आकड्यांत पाहता येतो.

पहिली पायरी: शस्त्राचा पडदा नीट वाचणे

शस्त्राच्या माहितीत अटॅक पॉवरपुढे दोन आकडे असतात. पहिला आकडा शस्त्राचा स्वतःचा मूळ मारा असतो आणि अधिक चिन्हानंतरचा दुसरा आकडा आपल्या स्टॅटमुळे मिळणारी भर असते. उचिगाताना या जपानी धाटणीच्या तलवारीचा मूळ मारा, एकही अपग्रेड केलेले नसताना, 115 आहे. तिच्यासाठी स्ट्रेंथ 11 आणि डेक्स्टेरिटी 15 लागते. ही अट पूर्ण नसेल तर अधिक चिन्हाच्या जागी वजा चिन्ह दिसते, मारा झपाट्याने घसरतो आणि शस्त्राचे खास कौशल्यही वापरता येत नाही. म्हणूनच एखादे शस्त्र एक-दोन पॉइंट कमी असताना वापरून पाहून ते कमकुवत आहे असे मत बनवू नये. त्या अवस्थेत दिसणारा आकडा शस्त्राचा खरा आकडा नसतो.

भरेचे गणित असे आहे:

```
भर = मूळ मारा × स्केलिंग × स्टॅटचा हिस्सा
```

यातील स्केलिंग म्हणजे E पासून S पर्यंतची अक्षरे. अक्षर हा एकच ठरावीक आकडा नसून एक पट्टा असतो. D या अक्षराखाली साधारण 25 टक्क्यांपासून 59 टक्क्यांपर्यंतची शस्त्रे येतात, C मध्ये 60 ते 89 आणि B मध्ये 90 ते 139. त्यामुळे दोन शस्त्रांपुढे D लिहिलेले असूनही एकाचे स्केलिंग दुसऱ्याच्या दुप्पट असू शकते. शिवाय शस्त्र अपग्रेड होत जाते तसे स्केलिंगही वाढते, पण पट्टा ओलांडेपर्यंत अक्षर बदलत नाही. अक्षर बदलले नाही म्हणून अपग्रेडचा उपयोग झाला नाही, असा निष्कर्ष काढणे चूक ठरते. अक्षरापेक्षा अधिक चिन्हानंतरच्या आकड्यावर भरवसा ठेवावा.

तिसरा घटक, म्हणजे स्टॅटचा हिस्सा, सरळ रेषेत वाढत नाही. साध्या शस्त्राच्या शारीरिक माऱ्यासाठी स्ट्रेंथ किंवा डेक्स्टेरिटी 18 असताना भरेचा सुमारे 25 टक्के हिस्सा मिळतो, 60 असताना 75 टक्के आणि 80 असताना 90 टक्के. ज्या टप्प्यानंतर वाढ मंदावते त्याला खेळाडू सॉफ्ट कॅप म्हणतात. जादूच्या माऱ्याची चढण वेगळी आहे. इंटेलिजन्स 50 असतानाच सुमारे 80 टक्के हिस्सा हाती येतो आणि 80 पर्यंत तो 95 टक्क्यांवर जातो.

या आकड्यांचा अर्थ एका कल्पित शस्त्रावर पाहू. मूळ मारा 200 आहे आणि स्ट्रेंथचे स्केलिंग नेमके 100 टक्के आहे असे धरले, तर स्ट्रेंथ 60 वर भर 150 मिळते आणि 80 वर 180. मधल्या 20 पॉइंटांनी केवळ 30 अटॅक पॉवर वाढली. तेच 20 पॉइंट व्हिगरमध्ये घातले आणि व्हिगर 40 वरून 60 वर नेला, तर आरोग्य 1450 वरून 1900 वर जाते. माझ्या मते व्हिगर 60 होईपर्यंत कोणताही मारक स्टॅट 60 च्या पुढे नेण्यात शहाणपण नाही. जादूसाठी ही मर्यादा 50 धरावी.

दुसरी पायरी: सुरुवातीला स्टॅटऐवजी अपग्रेडवर भर देणे

सुरुवातीच्या लेव्हलना एक गोष्ट हमखास उलटी केली जाते. खेळाडू शस्त्राची अट पूर्ण झाल्यावरही मारा वाढावा म्हणून स्ट्रेंथ किंवा डेक्स्टेरिटी वाढवत राहतो. वरच्या सूत्रात उचिगाताना घालून पाहिली तर हे का चुकते ते कळते. तिचे स्केलिंग दोन्ही स्टॅटसाठी D आहे. सोयीसाठी ते 40 टक्के धरले आणि स्टॅटचा हिस्सा 25 टक्के धरला, तर 115 च्या 40 टक्क्यांचा पाव भाग म्हणजे साडेअकरा एवढीच भर त्या स्टॅटकडून मिळते, आणि तीही शून्यापासून 18 पर्यंतच्या सगळ्या पॉइंटांची मिळून. म्हणजे एका पॉइंटमागे एक अटॅक पॉवरसुद्धा पडत नाही.

याउलट साधे शस्त्र +25 पर्यंत नेले की त्याचा मूळ मारा 2.45 पट होतो, म्हणजे प्रत्येक अपग्रेडला मूळ माऱ्याची जवळपास पावणेसहा टक्के वाढ मिळते. उचिगातानासाठी हे दर अपग्रेडला साडेसहाहून अधिक होतात. +3 पर्यंत नेण्यासाठी पहिल्या प्रतीचे स्मिदिंग स्टोन अनुक्रमे 2, 4 आणि 6, असे एकूण 12 लागतात, आणि हे काम चर्च ऑफ एलेमधील ऐरणीवर खेळाच्या पहिल्या तासाभरात करता येते. त्यातून सुमारे 20 अटॅक पॉवर वाढते. तेवढी वाढ त्या लेव्हलला स्टॅटमधून मिळवायची तर वीसहून अधिक लेव्हल खर्ची पडतील.

म्हणून क्रम असा ठेवावा: आधी शस्त्राची अट पूर्ण करणे, मग शस्त्र अपग्रेड करणे आणि सर्व मोकळे पॉइंट व्हिगरमध्ये घालणे, आणि शस्त्र +10 च्या आसपास पोहोचले व त्याचा बाज, म्हणजे त्याचे स्केलिंग कोणत्या स्टॅटकडे वळवायचे हे, ठरला की मगच मुख्य स्टॅट वाढवायला घेणे. स्केलिंग हे मूळ माऱ्याच्या पटीत चालते, त्यामुळे मूळ मारा लहान असताना त्यावर स्टॅट ओतण्यात फायदा नसतो.

तिसरी पायरी: अटीच्या खर्चाचे दोन भाग करणे

आता मुख्य मुद्दा. शस्त्राची अट पूर्ण करण्यासाठी जे पॉइंट लागतात ते दोन प्रकारचे असतात. काही पॉइंट अशा स्टॅटमध्ये जातात, जो आपण पुढे वाढवणारच आहोत. ते फार तर थोडे आधी खर्च झाले. बाकीचे अशा स्टॅटमध्ये जातात, ज्याचा शस्त्र हातात धरता येण्यापलीकडे आपल्याला उपयोग नाही. या दुसऱ्या प्रकाराला मी बुडीत पॉइंट म्हणतो. दोन शस्त्रांची तुलना करताना अटींची बेरीज पाहू नये, बुडीत पॉइंट पाहावेत.

इंटेलिजन्सच्या बिल्डमध्ये हा फरक सर्वांत ठळक दिसतो, म्हणून तेच उदाहरण पूर्ण सोडवून पाहू. आपण अ‍ॅस्ट्रॉलॉजर हा वर्ग घेतला आहे. तो लेव्हल 6 वर सुरू होतो. त्याची स्ट्रेंथ 8, डेक्स्टेरिटी 12 आणि इंटेलिजन्स 16 असते. दर लेव्हलला एक पॉइंट मिळतो. आपल्यापुढे तीन तलवारी आहेत.

पहिली मूनव्हेल. ही केलिडच्या सीमेवरील गेल टनेलमध्ये मॅग्मा विर्मला हरवून मिळते. तिला स्ट्रेंथ 12, डेक्स्टेरिटी 18 आणि इंटेलिजन्स 23 लागते. अ‍ॅस्ट्रॉलॉजरला त्यासाठी 4, 6 आणि 7 असे 17 पॉइंट हवेत, म्हणजे लेव्हल 23. यांतले इंटेलिजन्सचे 7 पॉइंट कामाचे आहेत. 10 बुडीत आहेत. डेक्स्टेरिटीचे 6 पॉइंट अगदीच वाया जातात असे नाही, कारण मूनव्हेलला डेक्स्टेरिटीचेही स्केलिंग आहे आणि डेक्स्टेरिटी वाढल्याने मंत्र टाकण्याचा वेळही थोडा कमी होतो. तरी तो लाभ लहान आहे.

दुसरी डार्क मून ग्रेटस्वॉर्ड. ती रॅनी या पात्राच्या मोहिमेच्या शेवटी मिळते. तिची अट स्ट्रेंथ 16, डेक्स्टेरिटी 11 आणि इंटेलिजन्स 38. इंटेलिजन्सचा 38 हा आकडा पाहून अनेक जण ती बाजूला ठेवतात. प्रत्यक्षात अ‍ॅस्ट्रॉलॉजरची डेक्स्टेरिटी आधीच पुरेशी आहे, इंटेलिजन्सचे 22 पॉइंट तो कोणत्याही परिस्थितीत घालणारच आहे, आणि बुडीत पॉइंट केवळ स्ट्रेंथचे 8. म्हणजे अट मोठी असूनही ही तलवार मूनव्हेलपेक्षा स्वस्त पडते. तिची खरी अडचण वेगळीच आहे: ती खेळात फार उशिरा हाती येते.

तिसरी आपली साधी उचिगाताना, पण मॅजिक या बाजाची. स्ट्रेंथ 11 आणि डेक्स्टेरिटी 15 साठी 6 पॉइंट लागतात, सगळे बुडीत, आणि लेव्हल 12 लाच ती पेलता येते. शस्त्राला बाज दिल्याने स्केलिंग बदलते, अट बदलत नाही. मॅजिक बाज दिलेल्या तलवारीचा मारा इंटेलिजन्सने वाढतो, पण तिला इंटेलिजन्सची अट लागत नाही आणि तिची जुनी स्ट्रेंथ-डेक्स्टेरिटीची अटही सुटत नाही. मूनव्हेलसाठी जे 17 पॉइंट लागले असते त्यांतले 11 येथे शिल्लक राहतात आणि ते थेट इंटेलिजन्समध्ये घातले तर लेव्हल 23 लाच इंटेलिजन्स 27 होते.

यावरून मूनव्हेल वाईट ठरत नाही. तिच्या खास कौशल्यातून निघणारी प्रकाशाची लाट साध्या तलवारीला मिळत नाही, आणि ज्याला तीच हवी आहे त्याने 10 बुडीत पॉइंट जाणीवपूर्वक मोजावेत. तसे करायचे असेल तर वर्गही बदलून पाहावा. प्रिझनर लेव्हल 9 वर स्ट्रेंथ 11, डेक्स्टेरिटी 14, इंटेलिजन्स 14 घेऊन येतो. त्याला 14 पॉइंट लागतात आणि तोही लेव्हल 23 ला पोहोचतो. मात्र त्याचा व्हिगर 11 असतो, तर अ‍ॅस्ट्रॉलॉजरचा 9. दोघांनाही व्हिगर 20 पर्यंत न्यायचे ठरवले, तर प्रिझनर लेव्हल 32 ला तयार होतो आणि अ‍ॅस्ट्रॉलॉजर 34 ला. अ‍ॅस्ट्रॉलॉजरचे माइंड 15 असते आणि प्रिझनरचे 12, त्यामुळे जो अधिक मंत्र टाकणार आहे त्याच्यासाठी हा दोन लेव्हलचा फायदा पुसला जातो. मुख्यतः तलवार चालवायची असेल तर प्रिझनर घ्यावा.

चौथी पायरी: दोन्ही हातांचा नियम वापरणे

स्ट्रेंथला एक सवलत आहे जी दुसऱ्या कोणत्याही स्टॅटला नाही. शस्त्र दोन्ही हातांनी धरले की स्ट्रेंथ दीडपट धरली जाते, अपूर्णांक सोडून दिला जातो, आणि ही दीडपट अट आणि स्केलिंग दोन्हींसाठी लागू होते.

केलिडमधील एका गाडीच्या पेटीतून मिळणारी ग्रेटस्वॉर्ड ही अवाढव्य तलवार घ्या. तिला स्ट्रेंथ 31 आणि डेक्स्टेरिटी 12 लागते. हीरो हा वर्ग लेव्हल 7 वर स्ट्रेंथ 16 आणि डेक्स्टेरिटी 9 सह सुरू होतो. एका हाताने ती पेलायची तर 15 आणि 3 असे 18 पॉइंट घालून लेव्हल 25 गाठावी लागेल. दोन्ही हातांनी धरायची असेल तर स्ट्रेंथ 21 पुरते, कारण 21 ची दीडपट साडेएकतीस आणि त्यातले 31 धरले जातात. मग एकूण 8 पॉइंट लागतात आणि लेव्हल 15 लाच तलवार हातात येते. उरलेले 10 पॉइंट व्हिगरमध्ये गेले तर तो 14 वरून 24 होतो.

पुढे हाच नियम सॉफ्ट कॅपलाही लागू पडतो. स्ट्रेंथ 54 ची दीडपट 81 होते, म्हणजे 80 चा टप्पा 54 पॉइंटांत पार पडतो. मघाच्या कल्पित शस्त्राला एका हाताने 180 ची भर मिळवण्यासाठी 80 पॉइंट लागले होते. दोन हातांनी ती 54 वरच मिळते. जो कायम दोन्ही हातांनी लढणार आहे त्याने स्ट्रेंथ 54 ला थांबवावी आणि बाकीचे पॉइंट व्हिगर व एन्ड्युरन्समध्ये घालावेत. एन्ड्युरन्स विसरून चालत नाही, कारण ग्रेटस्वॉर्डचे वजन 23 आहे, आणि एकूण भार क्षमतेच्या 70 टक्क्यांच्या वर गेला की लोळण जड होऊन चुकवता येण्याजोगे वारही लागू लागतात. शस्त्र योग्य असूनही वारंवार मरण येत असेल तर सर्वांत आधी भाराचा आकडा तपासावा.

या सवलतीला दोन मर्यादा आहेत. दोन हातांत दोन शस्त्रे घेऊन लढताना दीडपट मिळत नाही. तसेच डाव्या हातात ढाल किंवा मंत्रासाठी स्टाफ वापरायचा असेल तर उजव्या हातातले शस्त्र एका हाताने पेलावे लागते, आणि केवळ दोन हातांच्या हिशेबाने पूर्ण केलेली अट त्या क्षणी अपुरी पडते. डार्क मून ग्रेटस्वॉर्ड स्ट्रेंथ 11 वर दोन्ही हातांनी पेलता येते, त्यामुळे बुडीत पॉइंट 8 वरून 3 वर येतात. पण स्टाफ हाती घेतला की तलवार लंगडी पडते, म्हणून जादूगाराने ती बचत करू नये.

डेक्स्टेरिटीची निवड याच मर्यादांवरून ठरते. एका हातात तलवार व दुसऱ्या हातात ढाल किंवा स्टाफ, अथवा दोन्ही हातांत दोन तलवारी, अशी ज्याची पद्धत आहे त्याला स्ट्रेंथची दीडपट मिळतच नाही, आणि त्याच्यासाठी डेक्स्टेरिटी सरळ चांगली ठरते. सामुराई वर्गाला उचिगाताना सुरुवातीलाच मिळते आणि दुसरी लिमग्रेव्हमधील डेथटच्ड कॅटकॉम्ब्समध्ये सापडते. दोन्ही हातांत त्या घेतल्या तर एकाही बुडीत पॉइंटाशिवाय बिल्ड उभा राहतो. तिच्या प्रत्येक वाराने शत्रूवर रक्तस्रावाचे 45 एकक साचतात आणि ते डेक्स्टेरिटीवर अवलंबून नसतात, त्यामुळे स्टॅट कमी असतानाही ती उपयोगी राहते.

पाचवी पायरी: बाज निवडणे आणि विभागलेला मारा ओळखणे

स्टॉर्मव्हेल किल्ल्यात मिळणाऱ्या आयर्न व्हेटब्लेडने हेवी, कीन आणि क्वालिटी हे बाज खुले होतात. राया लुकारियातील ग्लिंटस्टोन व्हेटब्लेडने मॅजिक आणि कोल्ड. हेवीमुळे स्ट्रेंथचे स्केलिंग वाढते आणि डेक्स्टेरिटीचे नाहीसे होते, कीनमुळे डेक्स्टेरिटीचे वाढते, तर क्वालिटीत दोन्ही मध्यम राहतात. क्वालिटीचा लाभ दोन्ही स्टॅट मोठे झाल्यावरच होतो, म्हणून लेव्हल शंभराच्या आत मी ती सुचवत नाही. मूनव्हेलसारख्या सोंबर स्टोनने अपग्रेड होणाऱ्या शस्त्रांना बाज देता येत नाही, हे शस्त्र निवडण्यापूर्वीच लक्षात घ्यावे.

मॅजिक बाज दिला की पडद्यावरची एकूण अटॅक पॉवर अनेकदा कीनपेक्षा मोठी दिसते, पण ती शारीरिक आणि जादूचा अशा दोन माऱ्यांची बेरीज असते. शत्रूचा बचाव दोन्ही माऱ्यांतून वेगवेगळा वजा होतो, त्यामुळे बेरीज सारखी असली तरी एकसंध मारा जास्त खोल जातो. इंटेलिजन्स पुरेशी नसताना हा फरक फार जाणवतो. शिवाय जादूला दाद न देणारे शत्रू असतात. राया लुकारियाची राणी रेनाला हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. एरवी झटपट मारणारी तलवार एखाद्याच ठिकाणी अचानक बोथट वाटली तर दोष बिल्डचा नसून माऱ्याच्या प्रकाराचा असतो, आणि अशा वेळेसाठी एखादे साधे शस्त्र जवळ ठेवावे. साध्या, हेवी, कीन किंवा क्वालिटी शस्त्राला वंगण लावून तात्पुरता मारा वाढवता येतो. मॅजिक बाजाच्या शस्त्राला ते लागत नाही.

सहावी पायरी: पॉइंट पक्के करण्याआधी तपासणे

ग्रेसपाशी लेव्हल वाढवण्याच्या पडद्यावर पॉइंट घातला की हातातल्या शस्त्राची नवी अटॅक पॉवर लगेच दिसते आणि होकार देईपर्यंत काहीही खर्च होत नाही. चार-पाच लेव्हलचे रून साठवून तेथे बसावे. आधी सर्व पॉइंट मुख्य स्टॅटमध्ये घालून आकडा पाहावा, ते काढून घेऊन दुसऱ्या स्टॅटमध्ये घालून पाहावा, आणि मग व्हिगरमध्ये घालून आरोग्य किती वाढते ते पाहावे. एका पॉइंटमागे दोनपेक्षा कमी अटॅक पॉवर वाढत असेल आणि व्हिगर 40 च्या खाली असेल, तर व्हिगर निवडावा. बाजाची तुलनाही ग्रेसपाशी अशीच करता येते, कारण शस्त्राला बाज देणारी अ‍ॅश ऑफ वॉर लावताना नवा आकडा आधी दाखवला जातो.

एखादा पॉइंट कमी पडत असेल तर तावीजाने तो भरून काढता येतो आणि अट पूर्ण धरली जाते. केलिडमधील फोर्ट फॅरोथमध्ये मिळणारा रॅडॅगन्स सोअरसील व्हिगर, एन्ड्युरन्स, स्ट्रेंथ आणि डेक्स्टेरिटी प्रत्येकी 5 ने वाढवतो, पण अंगावर होणारा माराही 15 टक्क्यांनी वाढवतो. स्टारगेझर एअरलूम फक्त इंटेलिजन्स 5 ने वाढवतो आणि त्याला असा तोटा नाही. तावीजावर अट टेकवली असेल तर तो काढताच शस्त्र निकामी होते. बॉससमोर तावीज बदलल्यावर वार हलके पडू लागले, तर शस्त्राच्या पडद्यावर ते वजा चिन्ह पुन्हा आले आहे का ते पाहावे.

पॉइंट चुकीच्या ठिकाणी गेलेच, तर रेनालाला हरवल्यानंतर तिच्याकडे एक लार्व्हल टिअर देऊन सर्व पॉइंट नव्याने वाटता येतात. तेथे कोणताही स्टॅट सुरुवातीच्या वर्गाच्या आकड्याखाली नेता येत नाही, त्यामुळे वर्ग निवडताना झालेले बुडीत पॉइंट कायम राहतात. हीरोची आर्केन 11 असते आणि व्हॅगाबॉन्डची 7. आर्केनचा उपयोग नसलेल्या बिल्डमध्ये हे चार पॉइंट नव्या वाटपानंतरही परत मिळत नाहीत.